नाव माझं, पगार कंपनीचा: शहरातल्या पुलावर जाहीर लिहावं तर कसं?

मृदा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी सिव्हिल इंजिनिअर. एका खाजगी सल्लागार कंपनीत रस्ते आणि वाहतूक विभागात आहे. शहर सांगत नाही, मध्यम आकाराची महापालिका आहे एवढं पुरे. आमच्या मुख्य चौकावर उड्डाणपूल घाटतोय. त्यासाठी रस्ता रुंद करायचा म्हणून विकास आराखड्यात फेरबदलाची सूचना निघालीये, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. हरकती-सूचनांना एक महिना आहे. गावात सरळ दोन तट पडलेत. माझं मत विरोधातलं आहे. सिग्नलची वेळ आणि डावीकडे वळणाऱ्यांची मार्गिका नीट केली तर चौक बराच मोकळा होईल. पूल झाला तर कोंडी उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवल्यासारखं होईल.

पुलाशी आमच्या कंपनीचा संबंध नाही. पण त्याच महापालिकेचं पावसाळी गटारांचं काम आमच्याकडे आहे आणि दोन बिलं अडकलेली आहेत. एका दैनिकाच्या स्थानिक पुरवणीने माझ्याकडे सातशे शब्द मागितलेत, "तुम्ही यातल्या जाणकार" म्हणून. नियुक्तीपत्रात दोन कलमं आहेत. कंपनीच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असं वर्तन करू नये हे एक, आणि कंपनीच्या कामकाजाबद्दल लेखी परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू नये हे दुसरं.

तर लिहू का? परवानगी मागू की नुसतं कळवू? हुद्दा लावू का? पूल हवा की नको यावर इथे कृपया भांडू नका. (भांडणार आहात, कल्पना आहे.)

टिंबटिंब

यात विचारायचं काय? घटनेचं कलम १९(१)(अ), भाषणस्वातंत्र्य. ऑफिस सुटल्यावर तुम्ही नागरिक. शेवटी "लेखातील मते वैयक्तिक आहेत" ही ओळ टाका, विषय संपला. अख्खं जग टाकतं.

पंतोजी_निवृत्त

टिंबटिंबराव, इतकं सोपं असतं तर माझी वेतनवाढ दोन वर्षं रखडली नसती. मी शिक्षक होतो. शाळांच्या समायोजनावर वाचकांच्या पत्रात चार ओळी लिहिल्या होत्या, तेवढ्यावर खुलासा मागवला गेला. मृदाताई, १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आधी वाचा. चालू धोरणावर प्रतिकूल टीका चालत नाही. टोपणनावानेही नाही. जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांबद्दल वेगळा शासन निर्णय आलाय. खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाचं बोधचिन्ह वापरू नका, असं बरंच काही त्यात आहे. तो स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि कंत्राटी लोकांनाही लागू आहे.

मृदा

पंतोजी, मी सरकारी नोकर नाही हो. खाजगी कंपनी आहे, महापालिका आमची ग्राहक.

पंतोजी_निवृत्त

अच्छा, मग माझं निम्मं लिहिणं वाया. पण कंत्राटी लोकांनाही लागू आहे म्हटलं तेही बघून घ्या.

लोहगड

ते कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल आहे, कंत्राटदार कंपनीच्या नोकरांबद्दल नाही. मृदाला तो लागू नाही. आणि सरकारी नोकराचंही तोंड अगदीच शिवलेलं नसतं बरं का. त्रिपुरातल्या एका कर्मचारी बाईंना निवृत्तीच्या तोंडावर फेसबुक पोस्ट आणि एका सभेतल्या हजेरीवरून निलंबित केलं होतं. २०२० साली तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीत आलात म्हणून भाषणस्वातंत्र्य संपत नाही, नियमाने घातलेल्या मर्यादा तेवढ्या पाळा.

आता टिंबटिंबसाठी. १९(१)(अ) ची ढाल मुळात सरकारविरुद्ध आहे. २०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने ती खाजगी व्यक्तींविरुद्धही धरता येईल असं म्हटलंय हे खरं. पण त्याच्या जोरावर ऑफिसच्या नोटिशीला उत्तर देणार असाल तर आधी वकिलाच्या फीची सोय करा. खाजगी नोकरीत तुमच्या हातात असतो तो करार. मृदाच्या करारातलं दुसरं कलम "कंपनीच्या कामकाजाबद्दल" एवढंच म्हणतं. पूल हे कंपनीचं कामकाज नाही, म्हणजे परवानगीचं बंधन अक्षरशः लागत नाही. पहिलं कलम मात्र रबरासारखं आहे, आणि खरी अडचण तिथे आहे.

मी पंधराएक वर्षं कंपन्यांच्या अनुपालन विभागात काढलीत, त्यावरून सांगतो. मत काय आहे यावरून प्रकरणं फार कमी पेटतात. लेखात कंपनी कुठून शिरली, यावरून पेटतात. हुद्द्यातून शिरते, "आम्ही" या शब्दातून शिरते, नाहीतर फक्त कंपनीत बसूनच कळली असती अशा माहितीतून शिरते. मसुदा तयार असेल तर पहिला परिच्छेद इथे टाक, नावं गाळून.

अबोली_मँचेस्टर

आमच्या इथलाच, ट्रॅफर्डचा एक खटला या धाग्यात यायलाच हवा. ट्रॅफर्ड हाउसिंग ट्रस्टमधल्या एका व्यवस्थापकाने २०११ मध्ये सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या फेसबुकवर लिहिलं, की चर्चमध्ये समलिंगी विवाह म्हणजे समानतेचा अतिरेक झाला. एक ओळ, मग सहकारी बाईंनी विचारलं म्हणून सभ्य भाषेत खुलासा. ट्रस्टने त्याला व्यवस्थापकपदावरून खाली आणलं आणि पगार ४० टक्क्यांनी कापला. त्याच्या पानावर तो कुठे काम करतो हे लिहिलेलं होतं, ४५ सहकारी मित्रयादीत होते, म्हणून ट्रस्टची बदनामी झाली असं त्यांचं म्हणणं.

२०१२ साली उच्च न्यायालयाने उलटा निकाल दिला. कुठलाही समंजस वाचक हे ट्रस्टचं मत आहे असं समजणार नाही, सबब करारभंग ट्रस्टने केला. पण भरपाई मिळाली शंभर पौंडांच्याही आत! कारण त्याने कमी पगाराची जागा स्वीकारून काम चालू ठेवलं होतं. त्याचं मत मला मुळीच पटत नाही, पण निकाल पटतो.

लोहगड

उत्तम उदाहरण, आणि मृदाचं प्रकरण नेमकं कुठे वेगळं आहे तेही त्यातून दिसतं. तो माणूस घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेत होता आणि बोलला चर्चबद्दल. मृदा रस्त्यांच्या कंपनीत आहे आणि बोलणार रस्त्याबद्दल. पुरवणीने लेख मागितला तोच तिच्या नोकरीमुळे. म्हणजे "हे तर तिचं खाजगी मत" असं वाचकाला आपोआप वाटणार नाही. "मते वैयक्तिक" ही ओळ इथे फार कमी काम करते, आणि तीही शेवटी, जिथवर कुणी वाचत नाही.

गवंडीदादा

मी याच धंद्यात, पण टेबलाच्या पलीकडचा. लहान फर्म आहे, बावीस माणसं. माझ्याकडच्या एका मुलाने रस्त्याच्या खड्ड्यांवर पोस्ट टाकली होती. त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला फोन, "तुमचा माणूस काय लिहितोय बघता का?" मला पोस्टचा पत्ताच नाही. फोनवर माझं नुसतं ततपप. माहीत नव्हतं म्हणालो तर माझा माणसांवर वचक नाही, माहीत होतं म्हणालो तर मीच लिहायला लावलं. दोन्हीकडून मार. पोस्ट मला आदल्या दिवशी दाखवली असती तर मी थांबवलं नसतं. "हो, पाहिलंय, त्याचं स्वतःचं मत आहे, आपल्या कामाशी संबंध नाही" एवढं म्हणून फोन ठेवला असता.

तेव्हा ताई, परवानगी मागू नका. मागितली की "नाही" म्हणणं सोपं होतं, आणि "हो" म्हटलं तर लेख कंपनीचा होतो. फक्त आधी सांगा, आणि मजकूर हातात द्या.

सायली७

टोपणनावाने लिहा ना. झंझट नको.

लोहगड

मध्यम शहर, वाहतुकीतले जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुपारपर्यंत नाव फुटेल. मग मत बाजूला राहील आणि "लपून का लिहिलं" एवढीच चर्चा होईल. शिवाय त्यांच्या ग्राहकाबद्दल निनावी लिखाण म्हणजे मालकाला कटच वाटतो.

मृदा

धन्यवाद सगळ्यांना. हा पहिला परिच्छेद:

"गेली चौदा वर्षे मी आणि आमची टीम या शहराचे रस्ते जवळून पाहत आहोत. महापालिकेने नेहमीप्रमाणे वाहतूक गणना न करताच पुलाचा घाट घातला आहे. या चौकात पुलाची गरज नाही, हे कोणताही तज्ज्ञ सांगेल."

लोहगड

तीन वाक्यं आणि तिन्हीत घोळ. रागावू नकोस.

"आमची टीम" म्हणजे कंपनी आली आत. "नेहमीप्रमाणे" हा एकच शब्द सांगतो की तू त्यांची इतर कामं आतून पाहिली आहेस, आणि ती तू ग्राहकाची म्हणून पाहिलीस. "कोणताही तज्ज्ञ" हे तर मत नाही, दम देणं आहे. एक तज्ज्ञ विरोधात उभा केला की वाक्य कोसळतं.

पण माझा खरा प्रश्न मधल्या वाक्याबद्दल आहे. गणना झाली नाही हे तुला कुठून कळलं?

मृदा

हं. खरं सांगायचं तर, गणनेसाठी आमच्याकडून दरपत्रक मागवलं होतं. मग तो विषयच गुंडाळला गेला. त्यानंतर कुणाकडून करून घेतल्याचं कानावर नाही.

लोहगड

मग ते वाक्य गेलंच म्हणून समज. दरपत्रकाचा पत्रव्यवहार कंपनी आणि ग्राहक यांच्यातला आहे. तो लेखात आला तर "प्रतिष्ठेला बाधा" सोड, गोपनीयतेचा भंग सरळ दाखवता येईल. आणि वाक्य चुकीचंही असू शकतं. दुसऱ्या कुणी गणना केली असेल तर तुझा अख्खा लेख खोटा ठरेल, नि "फलाण्या कंपनीची इंजिनिअर खोटं लिहिते" हा मथळा तयार.

आरोप करण्याऐवजी मागणी कर. गणनेचे आकडे हरकतींची मुदत संपायच्या आत प्रसिद्ध करा, असं लिही. माहिती अधिकारात अर्जही टाक, पण उत्तराला तीस दिवस लागतात आणि मुदतही साधारण तेवढीच, म्हणून त्यावर लेख अडवू नकोस.

टिंबटिंब

म्हणजे गणना झाली नाही हे माहीत असताना "असेल तर दाखवा" असा आव आणायचा? हा तर साळसूदपणा झाला. त्यापेक्षा अर्जाचं उत्तर येऊ द्या, मग ठोकून लिहा. माहिती अधिकारात आलं की ती सार्वजनिक माहिती.

लोहगड

तिला "माहीत" नाही, तिचा अंदाज आहे. हा फरक मोठा आहे. उत्तर आल्यावर ते निर्धास्त वापरता येईल हे मान्य. मात्र अर्जात "अमुक महिन्यात मागवलेल्या दरपत्रकांच्या प्रती द्या" असं विचारलं तर कुठून कळलं हे अर्जावरूनच दिसेल. नुसतं "या चौकातील वाहतूक गणनेचा अहवाल" असं विचारावं. असा प्रश्न कुठल्याही नागरिकाला सुचला असता.

अबोली_मँचेस्टर

टिंबटिंब यांचा मुद्दा मला पूर्ण निकालात निघाल्यासारखा वाटत नाही. आतली माहिती वापरायची नाही म्हणता म्हणता, ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्यानेच सगळ्यात मोघम लिहायचं, असं होतं. वाचकाचा तोटा आहे त्यात.

लोहगड

आहे तोटा. मी नाही म्हणत नाही.

मृदा

पुन्हा लिहिलं:

"मी वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात काम करते. ज्या कंपनीत मी नोकरी करते तिच्याकडे महापालिकेचे पावसाळी गटारांचे काम आहे. या पुलाशी तिचा संबंध नाही आणि हा लेख मी या शहरातली रहिवासी म्हणून लिहीत आहे. एखाद्या चौकावर पूल बांधावा का, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेत एक ढोबळ कसोटी दिलेली आहे. सगळी वाहने मोटारीच्या हिशेबात मांडली, तर चौकाच्या सर्व बाजूंनी मिळून तासाला दहा हजारांच्या वर वाहतूक असायला हवी. आपल्या चौकाचा हा आकडा किती? हरकतींची मुदत संपण्यापूर्वी तो नागरिकांसमोर यावा. तोवर माझे मत असे, की सिग्नल आणि वळणमार्गिकेचा स्वस्त उपाय आधी करून पाहावा."

गवंडीदादा

हे झकास. आता कुणी फोन केला तर मालकाला बोलायला जागा आहे.

लोहगड

बरंच बरं. कंपनीचं नाव टाकलं नाहीस ते योग्य, ते टाकायला मात्र त्यांची संमती लागेल. पण संबंध सांगितलास हे जास्त महत्त्वाचं. उद्या विरोधकांनी शोधून काढण्यापेक्षा तू आधीच सांगितलेलं केव्हाही चांगलं. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेच्या जुन्या आचारसंहितेतही या अंगाचं कलम होतं, की हितसंबंधी पक्षाच्या सांगण्यावरून किंवा पैशावर तांत्रिक विधान करत असाल तर कुणाच्या वतीने ते सांगा. तू कुणाच्या वतीने बोलत नाहीयेस, म्हणून तेही स्पष्ट सांगितलेलं बरं.

आणखी एक. लेखाखालची परिचयाची ओळ उपसंपादक लिहितो, मथळा डेस्कवर ठरतो. मथळा तुझ्या हातात नाही. पण परिचय काय छापायचा ते ईमेलमध्ये शब्दशः लिहून दे, "यात बदल करायचा असल्यास कळवावे" असं म्हणून. नाहीतर सकाळी उठून पाहशील तर "अमुक कंपनीच्या वरिष्ठ वाहतूकतज्ज्ञ" छापलेलं असेल. लेखाची लिंक लिंक्डइनवर टाकू नकोस, तिथे नावाखाली हुद्दा आणि कंपनी आपोआप लटकतात. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप गटावर तर नाहीच.

सायली७

आणि वाहिनीवाले बाइट मागायला आले तर?

लोहगड

तर "लेखात लिहिलंय तेवढंच" म्हणायचं. वीस सेकंदांच्या बाइटमध्ये संबंध सांगणारी ओळ पहिली कापतात.

मृदा

आज सरांशी बोलले. मसुद्याची प्रत दिली, गवंडीदादांनी सांगितलं तसं. दोनदा वाचला. मताबद्दल चकार शब्द नाही, उलट "दहा हजाराचा मुद्दा बरोबर काढलास" म्हणाले. मग म्हणाले, "ती गटारांची ओळ काढ. नाव नसलं तरी गटारं कुणाकडे आहेत हे अख्ख्या महापालिकेला माहीत आहे. तू ती ओळ लिहून आपल्याला उगाच मध्ये आणतेस. नुसतं वाहतूक नियोजनात काम करते एवढं पुरे." बिलांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

आता बोला.

गवंडीदादा

मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. ती ओळ तुम्हाला वाचवते, त्यांना नाही.

लोहगड

मला उलट वाटतं. ओळ नसेल आणि कुणी नंतर जोडून दाखवलं, तर "लपवलं" हा शिक्का दोघांवर बसतो. गटारं कुणाकडे हे सगळ्यांना माहीत आहे असं तेच म्हणतायत ना? मग लपवून काय मिळणार? मृदा, ओळ काढून लेख देणार असशील तर नाही दिलास तरी चालेल.

गवंडीदादा

लोहगड, तुमचं पुस्तकात बरोबर. पण त्यांनी थांबवलं नाही, एक ओळ काढायला सांगितली. ते ऐकलं नाही तर पुढच्या वेळी ही सरळ नकारच ऐकेल. लेख एकच, नोकरी रोजची.

पंतोजी_निवृत्त

मधला मार्ग सुचवू का? हरकतीचा अर्ज आधी द्या. तो नागरिकाचा हक्क आहे, त्यावर सुनावणीला बोलावतात, आणि आवक क्रमांक पडला की तो कागद कुणाला गिळता येत नाही. वर्तमानपत्राला मग "हरकत घेणाऱ्यांपैकी एक" म्हणून तुमच्या अर्जातलं उद्धृत करता येईल. लेखाची गरजच उरणार नाही. सरकारी अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली, हवा असेल तर नमुना पाठवतो.

टिंबटिंब

पंतोजी, अर्ज फायलीत जातो, लेख लोक वाचतात. एक नाही दोन्ही.

मृदा

पंतोजी, नमुना नक्की पाठवा, व्यनि करते. अर्ज उद्याच नगररचना विभागात देते आणि पोच घेते. माहिती अधिकाराचा अर्जही, "वाहतूक गणनेचा अहवाल" एवढ्याच शब्दांत. लेखाचं पुरवणीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मला ती ओळ ठेवायचीच आहे. सरांना आणखी एकदा विचारणार आहे, "मी नोकरी करते त्या कंपनीकडे महापालिकेची इतर कामे आहेत" असं गटारांचा उल्लेख न करता लिहिलं तर चालेल का म्हणून. नाही म्हणाले तर बहुधा लेख देणार नाही. अजून नक्की नाही.

सायली७

हरकतीच्या अर्जात कंपनीचा उल्लेख करणार?

मृदा

नाही. तिथे नाव, राहता पत्ता आणि सही. चौकापासून माझं घर चारशे मीटरवर आहे.